जर्मनीला अर्ज करण्याआधी: जीएनएम आणि आयसीयूच्या अनुभवाचं तिथे काय होणार, हे एजन्सीला कसं विचारू?

सायली_मिरज

नमस्कार मंडळी. मी जीएनएम आहे, 2017 ला पास झाले. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे. पहिली दोन वर्षं सांगलीत एका छोट्या नर्सिंग होममध्ये काम केलं, त्यानंतर आजपर्यंत मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूला. जर्मनचं बी1 झालंय, बी2 चा क्लास सुरू आहे.

पुण्यातल्या एका एजन्सीकडून फोन आला. त्यांचं म्हणणं, "मॅडम, तुमचं जीएनएम तिकडे चालतं, अनुभवही धरतात, काळजी करू नका. फॉर्मवर सही करा आणि मूळ सर्टिफिकेटं घेऊन या." पण आमच्याच बॅचची एक जण दीड वर्षापूर्वी गेली, ती अजून हेल्परच्या पगारावर आहे. तिलाही हेच सांगितलं होतं.

"चालतं" म्हणजे नक्की काय, हे मला सही करण्याआधी कळून घ्यायचंय. पण विचारायचं काय आणि कुठल्या शब्दांत, तेच सुचत नाहीये. ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया लिहा.

पाटीलकाका

सायली, सोपं आहे. `anabin` नावाची जर्मन सरकारची साइट आहे. तिथे आपलं विद्यापीठ शोधायचं. नावापुढे H+ असेल तर डिग्री मान्य. माझ्या पुतण्याचं पुण्यातलं कॉलेज दहा मिनिटांत सापडलं आणि ब्लू कार्डही मिळालं. एजन्सीला फक्त एवढंच विचार की माझी संस्था H+ आहे का.

मंदार_नाशिक

मी मेकॅनिकल डिप्लोमा आणि नंतर बीई. मलाही हाच प्रश्न आहे. अंबडच्या एमआयडीसीत सहा वर्षं क्वालिटीला आहे. रिक्रूटर म्हणतो आधी डिग्रीचं मूल्यांकन करून आण, मग इंटरव्ह्यू. हा खर्च मी करायचा की कंपनीने?

रेवती_श्टुटगार्ट

सायली, मी मूळची लातूरची, जीएनएमच. गेली काही वर्षं इथे रुग्णालयात आहे आणि भारतातून येणाऱ्या सिस्टर्सना वॉर्डात शिकवायचं कामही माझ्याकडे असतं. जरा सविस्तर लिहिते.

आधी काकांसाठी. तुमच्या पुतण्याच्या बाबतीत ते अगदी बरोबर आहे. पण `anabin` वरचा H+ हा विद्यापीठांसाठी असतो. जीएनएम हा डिप्लोमा, आणि नर्सिंग इथे कायद्याने बांधलेला पेशा आहे. इंजिनियरला कंपनीने घेतलं की तो कामाला लागतो. नर्सला मात्र सरकारी परवानगीचा कागद, उर्कुंडे म्हणतात त्याला, हातात येईपर्यंत नर्स म्हणवून घेता येत नाही. त्यामुळे तो H+ सायलीच्या काही कामाचा नाही. मंदार, तुझा पेशा तसा बांधलेला नाही, म्हणून तुझं प्रकरण वेगळं. तुझ्या डिग्रीचं तुलनापत्रक बॉनच्या कार्यालयाकडून मिळतं, फी 208 युरो. पण आधी `anabin` वर बघ. कॉलेज आणि डिग्री दोन्ही तिथे व्यवस्थित सापडली तर बहुतेकदा त्या पत्रकाची गरजच पडत नाही. यासाठी वेगळा धागा काढ, इथे दोन्ही विषयांची सरमिसळ होईल.

आता सायली. पहिली गोष्ट मनात पक्की कर: तुझं शिक्षण एजन्सी तपासत नाही, आणि ज्या रुग्णालयात तू जाणार तेही तपासत नाही. ते तपासतं त्या राज्याचं सरकारी कार्यालय. नोकरी बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये असेल तर फाइल श्टुटगार्टला जाते, नॉर्डराईन-वेस्टफालेनमध्ये असेल तर म्युन्स्टरला. म्हणून "तुमचं चालतं" हे वाक्य एजन्सीच्या तोंडून आलं तर त्याला काही वजन नाही. "तुमची नोकरी कुठल्या राज्यात आहे आणि माझी फाइल कुठल्या कार्यालयात जाईल?" हा तुझा पहिला प्रश्न. याचं उत्तर ज्याला देता येत नाही त्याच्याकडे अजून नोकरीच नाही, तो फक्त नावं गोळा करतोय.

ते कार्यालय काय करतं? इथलं नर्सिंगचं शिक्षण तीन वर्षांचं, त्यात 2100 तास थिअरी आणि 2500 तास प्रत्यक्ष काम. तुझ्या ट्रान्स्क्रिप्टमधले तास याच्या शेजारी ठेवून बघतात. नुसती बेरीज नाही बघत, कुठल्या विभागात किती, ते बघतात. आपल्याकडे सर्जरी, मेडिसिन, मॅटर्निटी, कम्युनिटीचे तास भरपूर असतात. वृद्धांची दीर्घकाळची शुश्रूषा आणि रुग्णाच्या घरी जाऊन देण्याची सेवा यांचे तास बहुतेकदा कमी पडतात, कारण आपल्याकडे हे काम घरचीच माणसं करतात आणि अभ्यासक्रमही तसाच बनलाय. जिथे कमी पडतं त्याची यादी लिहून एक पत्र येतं. त्याला इथे डेफिझिटबेशाईड म्हणतात. ते आलं म्हणून घाबरायचं कारण नाही, भारतातून येणाऱ्या जवळजवळ सगळ्यांना ते येतंच.

पुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे ठरावीक महिने शिकत काम करायचं आणि शेवटी मुलाखतीसारखं एक बोलणं, याला आनपासुंग्सलेरगांग म्हणतात. दुसरी वाट परीक्षेची, केंटनिसप्रूफुंग. तोंडी पाऊण ते एक तास, आणि वॉर्डात खऱ्या रुग्णांवर प्रत्यक्ष काम. नापास झालं तर तो भाग एकदाच पुन्हा देता येतो.

आता अनुभव. इथेच सगळ्यांचा घोटाळा होतो. अनुभवाने तासांची कमतरता भरून निघू शकते हे खरंय, कायद्यातच तसं आहे. पण तो ज्या विभागातला, तिथलीच कमतरता भरतो. माझ्या ओळखीची लातूरचीच एक सिस्टर, पाच वर्षं आयसीयू. तिला वाटलं एवढा अनुभव आहे, काहीच निघणार नाही. पत्रात कमतरता निघाली ती वृद्धांची शुश्रूषा आणि घरची सेवा यांत. तिथे आयसीयूची पाच वर्षं कामाला आली नाहीत, व्हेंटिलेटर सांभाळला म्हणून डिमेन्शियाच्या आजींची सेवा केली असं धरत नाहीत. ॲक्यूट केअरच्या बाजूला मात्र तिची एकही कमतरता निघाली नाही, कारण अनुभवाचं पत्र नीट होतं. तिला काही महिने वृद्धाश्रमात आणि घरोघरी जाणाऱ्या पथकात काम करावं लागलं, मग उर्कुंडे मिळाली. तुझंही साधारण असंच होईल असं मला वाटतं.

आणि हो, मूळ सर्टिफिकेटं कुणाच्याही ताब्यात देऊ नकोस. स्कॅन दे, फार तर साक्षांकित प्रती दे. मूळ कागद परत मिळवायला लोकांना काय काय करावं लागलंय ते मी जवळून बघितलंय.

अनिकेत_दुबई

आखातात हे बरंच सोपं आहे. डेटाफ्लो करायचं, ते तुमच्या कॉलेजला, कौन्सिलला आणि हॉस्पिटलला थेट मेल पाठवून खात्री करतात. मग परीक्षा, मग लायसन्स. इथे तास कोण मोजत बसतं? आयसीयूच्या अनुभवाला तर इथे भाव आहे. सायलीताई, जर्मनीच का?

सायली_मिरज

अनिकेतदादा, घरचा विचार करून जर्मनीच ठरवलंय. नवरा फिटर आहे, त्यालाही पुढे तिकडे बोलावता येईल असं बघतोय.

रेवतीताई, खूप आभार. आयसीयूचा अनुभव तिथे लागू पडणार नाही हे वाचून वाईट वाटलं, पण आधी कळलं हे बरं झालं. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अनुभवाचं पत्र "नीट" म्हणजे कसं? आणि हेल्परचा पगार किती दिवस आणि किती?

वैशाली_कुलकर्णी

पत्राचं मी सांगते. मी तीस वर्षं मेट्रन होते, अशी पत्रं खूप लिहिली. आपल्या एचआरचा ठरलेला नमुना असा असतो: "अमुक या आमच्याकडे या तारखेपासून या तारखेपर्यंत स्टाफ नर्स म्हणून कार्यरत होत्या. त्या कष्टाळू व प्रामाणिक असून त्यांची वर्तणूक चांगली आहे." परदेशी कार्यालयाला यातून काहीच कळत नाही. कष्टाळू असणं तासांत मोजता येत नाही.

पत्रात विभागवार तारखा हव्यात. आयसीयूला कधीपासून कधीपर्यंत, मध्ये वॉर्डात बदली झाली असेल तर ती कधी. आठवड्याला किती तास ड्युटी, पूर्णवेळ की अर्धवेळ. किती खाटांचा विभाग, कसले रुग्ण. आणि काय काम केलं ते क्रियापदांत: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची देखभाल, सेंट्रल लाइनची काळजी, बेडसोर होऊ नये म्हणून कूस बदलणं, ट्यूब फीडिंग, नातेवाइकांना समजावणं, नव्या मुलींना शिकवणं. शेवटची तीन लोक विसरतात. सायली, तुझ्या आयसीयूत सत्तरीच्या पुढचे रुग्ण किती असतात? बरेच ना? मग "वृद्ध रुग्णांची सर्वांगीण शुश्रूषा" हे जे खरोखर करतेस ते पत्रात यायलाच हवं. नाही केलं ते मात्र एक अक्षरही लिहून घेऊ नकोस, कार्यालय हॉस्पिटलला विचारू शकतं.

एचआर नमुना बदलायला तयार नसेल तर त्यांचं पत्र तसंच राहू दे. सोबत मेट्रनकडून लेटरहेडवर कामाचं वेगळं पत्र घे आणि त्यावर एचआरचा शिक्का मारून घे. कॉलेजातून ट्रान्स्क्रिप्ट मागतानाही नुसती मार्कांची यादी नको, विषयवार थिअरीचे तास आणि विभागवार क्लिनिकलचे तास, दोन्ही हवेत. तुमच्या बॅचचं क्लिनिकल लॉगबुक घरात कुठे असेल तर जपून ठेव. ट्रान्स्क्रिप्टमध्ये जे नसतं ते कधीकधी त्यात सापडतं.

रेवती_श्टुटगार्ट

वैशाली मॅडम, तुमचा प्रतिसाद इथल्या आमच्या ग्रुपवर टाकते, परवानगी गृहीत धरते. वृद्ध रुग्णांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. कार्यालय तो किती धरेल ते सांगता येत नाही, पण लिहिलंच नाही तर धरायचा प्रश्नच येत नाही.

सायली, पगाराचं. रुग्णालयांत वेतनकरार असतात, ते मालकागणिक बदलतात, म्हणून त्यांचे आकडे मी देत नाही. पण वृद्धसेवेच्या संस्थांसाठी सरकारने किमान दर ठरवून दिलाय, त्यावरून अंदाज येईल. 1 जुलै 2025 पासून अप्रशिक्षित हेल्परला तासाला 16.10 युरो आणि मान्यताप्राप्त नर्सला 20.50 युरो. आठवड्याला 39 तास धरले तर महिन्याला साधारण 169 तास होतात. फरक झाला सुमारे 740 युरो, कर कापण्याआधी. मान्यतेला नऊ महिने लागले तर जवळजवळ 6,700 युरो. एजन्सीने ते महिने सांगितलेच नाहीत, तर एवढ्या रकमेबद्दल तू अंधारात सही करतेस.

आणि अनुभवाचा दुसरा हिशोब असतो, त्याबद्दल कुणी विचारतच नाही. मान्यता मिळाल्यावर पगाराच्या कुठल्या पायरीवर बसवणार? वेतनकरारात वर्षांप्रमाणे पायऱ्या असतात. भारतातली वर्षं धरायची की नाही यात मालकाला बरीच मोकळीक असते. त्यामुळे मागून मागितलं की "आता उशीर झाला" ऐकावं लागतं. सही करण्याआधी करारात पायरीचा आकडा लिहून घेतलेल्या मुली मला माहीत आहेत, आणि तितकाच अनुभव असून सगळ्यात खालून सुरुवात केलेल्याही. मान्यतेचं कार्यालय अनुभव बघतं तो तास भरण्यासाठी. मालक बघतो तो पगारासाठी. एकाने धरला म्हणून दुसरा धरेलच असं नाही. एजन्सी "अनुभव धरतात" म्हणते तेव्हा कोण, कशासाठी, हे विचार.

स्नेहल_म्युन्स्टर

रेवतीच्या बहुतेक गोष्टींना अनुमोदन. एक मोठी गोष्ट राहिली. 2024 पासून ही तपासणी टाळण्याचा अधिकृत मार्ग आहे. तू लिहून द्यायचं की माझ्या शिक्षणाची पूर्ण तुलना करू नका, मी सरळ परीक्षा देते किंवा शिकत काम करण्याचा टप्पा पूर्ण करते. मी हेच केलं. माझ्याबरोबरच्या मुलीने पूर्ण तपासणी मागितली, तिचं पत्र यायला इतका वेळ लागला की तोवर मी इथे येऊन परीक्षेची तयारी करत होते. आता बऱ्याच एजन्सी हाच मार्ग धरतात, फक्त सांगत नाहीत. अर्जांच्या गठ्ठ्यात तो एक कागद असतो आणि आपण सही करून मोकळ्या होतो.

रेवती_श्टुटगार्ट

स्नेहल, बरं झालं आठवण केलीस. पण त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. तो कागद दिला की अनुभवाचं पत्र तास भरायला कुणी उघडूनही बघत नाही. तू जीएनएम करून काल बाहेर पडलेली असो की आयसीयूत आठ वर्षं काढलेली, वाट तीच. ज्यांचे कागद कच्चे आहेत किंवा अनुभव थोडा आहे त्यांच्यासाठी मार्ग चांगला. सायलीसारखीने तो विचार करून घ्यावा, नकळत नाही.

स्नेहल_म्युन्स्टर

इथे माझं मत वेगळं आहे. तू स्वतःच म्हणालीस की आयसीयूचा अनुभव वृद्धसेवेच्या कमतरतेला लागू पडत नाही. मग पूर्ण तपासणीसाठी महिनोन्‌महिने मिरजेत बसून मिळवायचं काय? कमतरता निघणारच आहे. परीक्षा एकच, ती दिली की संपलं.

रेवती_श्टुटगार्ट

काय मिळतं? टप्पा लहान होऊ शकतो. पूर्ण तपासणीत फक्त यादीतल्या कमतरता भरायच्या असतात. परीक्षेत सगळंच येतं, आणि तेही जर्मनमध्ये, परीक्षकांसमोर. बी2 नुकतं झालेल्या मुलीला तोंडी परीक्षा जड जाते हे मी बघते. पण घाई असेल तर तुझा मुद्दा मान्य. हे तिचं तिने ठरवायचं.

गजानन_विदर्भ

मी वाचतोय तर एवढे प्रश्न विचारले तर एजन्सी दुसरी मुलगी घेईल. त्यांच्याकडे यादी असते. आधी आत शिरा, मग बघू. शिवाय आपल्या सरकारनेच 2024 मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्गशी करार केलाय, 10 हजार लोक पाठवायचे आहेत म्हणे. त्यात गेलं तर हे सगळं सरकार बघेल ना?

वैशाली_कुलकर्णी

गजाननभाऊ, करार झालाय हे खरं. पण दोन सरकारांनी सही केली म्हणून कुणाचं जीएनएम आपोआप मान्य होत नाही. श्टुटगार्टच्या कार्यालयात फाइल उघडावी लागतेच.

आणि प्रश्न विचारले म्हणून जी एजन्सी नाव कापते, तिथे नाव कापलं गेलेलं बरं. मुलीच्या आयुष्याची दोन-तीन वर्षं आहेत ही. सायली, एजन्सीचा परवाना `emigrate.gov.in` वर तपास. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवायला 1983 च्या कायद्याने नोंदणी लागते, आणि उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्कावर 30,000 रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. किती मागितले त्यांनी?

सायली_मिरज

अजून काही नाही मागितले. "प्रोसेसिंग नंतर बघू" म्हणाले.

रेवतीताई, मला एक मेल लिहून द्याल का? फोनवर मी गडबडते.

रेवती_श्टुटगार्ट

पैशांबद्दल एक: नर्सच्या भरतीसाठी इथे सरकारी गुणवत्ता-चिन्ह आहे. ते घेणाऱ्या एजन्सीने आणि रुग्णालयाने भरतीचा खर्च मालकाकडूनच घ्यायचा, नर्सकडून नाही, असा त्याचा नियम आहे. कुणाकडे आहे त्याची यादी `faire-anwerbung-pflege-deutschland.de` वर आहे. तुमच्याकडे आहे का, हेही विचार.

मेल मराठीत देते, तू इंग्रजीत कर. फोनवर बोलणं झालं तरी उत्तर मेलवरच माग.

"महोदय, अर्जावर सही करण्याआधी मला खालील गोष्टी लेखी कळाव्यात ही विनंती. मी जीएनएम, 2017. आयसीयूचा अनुभव आहे, ट्रान्स्क्रिप्ट आणि अनुभवाच्या पत्राचं स्कॅन सोबत जोडलं आहे. नोकरी कुठल्या राज्यात, कुठल्या शहरात, रुग्णालयात की वृद्धाश्रमात? मान्यतेचा अर्ज कुठल्या कार्यालयात, कोणाच्या नावाने आणि कोणाच्या खर्चाने जाईल? पूर्ण तुलना मागणार की ती सोडून देण्याचा अर्ज करणार? सोडून देणार असाल तर तो कागद मला आधी वाचायला मिळावा. महाराष्ट्रातून जीएनएम झालेल्या ज्या नर्स तुम्ही याच राज्यात पाठवल्या, त्यांच्या पत्रात कुठल्या कमतरता निघाल्या आणि मान्यतेला किती महिने लागले? नाव झाकून एक पत्र दाखवता येईल का? मान्यता मिळेपर्यंत पगार किती, कुठल्या पदावर? मिळाल्यावर कुठल्या श्रेणीत, आणि माझा अनुभव किती वर्षं धरून कुठल्या पायरीवर? मान्यता मिळाली नाही किंवा मी मधेच नोकरी सोडली तर कोणती रक्कम परत द्यावी लागेल?"

झाकलेल्या नावाचं पत्र मागतेस ना, तो सगळ्यात उपयोगी प्रश्न. खरोखर माणसं पाठवणाऱ्या एजन्सीकडे अशी पत्रं ढिगाने असतात.

शेवटचा प्रश्न गाळू नकोस. भाषेच्या क्लासचे आणि विमानाचे पैसे परत करण्याची अट करारात असते, कधीकधी हजारो युरोंची. तुझी बॅचमेट तिथेच अडकली असेल अशी मला शंका आहे.

एजन्सीशिवायही विचारता येतं. बॉनमध्ये मान्यतेबद्दल सल्ला देणारं सरकारी केंद्र आहे, परदेशात राहणाऱ्यांना फुकट सांगतात. `anerkennung-in-deutschland.de` वरून संपर्क होतो. एजन्सीचं उत्तर आलं की त्यांच्याकडून पडताळून घे.

अनिकेत_दुबई

एक प्रश्न. कागद परदेशात चालावेत म्हणून जो सरकारी शिक्का मारतात, ते अपोस्टील करून ठेवावं का? इथे सगळ्याला अपोस्टील किंवा अटेस्टेशन लागतं. मुंबईतला एजंट माझ्या बहिणीला म्हणाला, जर्मनीसाठीही सगळं आत्ताच करून घ्या.

स्नेहल_म्युन्स्टर

आत्ता नको. भारताच्या अपोस्टीलला जर्मनीने आक्षेप घेतलेला आहे, त्यामुळे तो शिक्का इथे आपोआप धरत नाहीत. आधी त्या राज्याच्या कार्यालयाची कागदांची यादी बघायची आणि ते म्हणतील तेवढंच करायचं. भाषांतराचंही तसंच. ते न्यायालयात शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडूनच लागतं. गावातल्या क्लासच्या सरांनी केलेलं चालत नाही.

सायली_मिरज

मंडळी, उत्तर आलं. सारांश देते.

राज्य बाडेन-व्युर्टेम्बर्ग, कार्यालय श्टुटगार्ट. नोकरी वृद्धाश्रमात आहे! फोनवर हॉस्पिटल म्हणाले होते. पूर्ण तुलना सोडून देण्याचा अर्ज ते करतात, "सगळ्यांचाच तसा करतो". मान्यतेपर्यंत हेल्परचा पगार. किती महिने, तर "सहा ते बारा, कार्यालयावर अवलंबून". अनुभवाबद्दल एकच ओळ आहे: "मालक त्याचा यथायोग्य विचार करेल." झाकलेल्या नावाचं पत्र पाठवलं नाही, "गोपनीय आहे" म्हणाले. परतफेडीच्या रकमेबद्दल काहीच उत्तर नाही. मूळ कागद मात्र पुन्हा मागितलेत.

रेवती_श्टुटगार्ट

निदान उत्तर दिलं, आणि काही गोष्टी खऱ्या सांगितल्या. पण वाच नीट. वृद्धाश्रम वाईट नाही, तुझी जी कमतरता निघेल असं मी म्हणत होते ती तिथेच भरते. अडचण उलटी आहे. पूर्ण तुलना सोडलीस तर तुझी आयसीयूची वर्षं तपासलीच जाणार नाहीत, आणि शिकत काम करण्याच्या टप्प्यात रुग्णालयातलं कामही करावं लागेल. वृद्धाश्रमाचा जवळच्या रुग्णालयाशी त्यासाठी करार आहे का? नसेल तर हेल्पर म्हणून ताटकळत बसायची वेळ येते. हा प्रश्न लगेच पाठव. "यथायोग्य विचार" याच्या जागी पायरीचा आकडा माग. आणि परतफेडीचं कलम बघितल्याशिवाय सही नाही.

स्नेहल_म्युन्स्टर

सहमत. पूर्ण तुलना सोडण्याबद्दल माझं मत तेच आहे, पण रुग्णालयाशी करार नसेल तर तो मार्गही लांबतो. मग सरळ परीक्षेची वाट निवड आणि तयारीचा कोर्स मालक देणार का ते विचार.

पाटीलकाका

मी नवीन शिकलो. सायली, "गोपनीय" हे मला पटत नाही. नाव झाकायचंच तर म्हटलं होतंस. पुन्हा माग.

सायली_मिरज

पुन्हा मेल पाठवलाय, रुग्णालयाचा करार, पायरी, परतफेडीची रक्कम आणि पत्र, चारही गोष्टींसाठी. मूळ कागद देणार नाही असंही लिहिलं. दुसऱ्या एका एजन्सीलाही तोच मेल टाकलाय, त्यांच्याकडे ते गुणवत्ता-चिन्ह आहे. मेट्रन मॅडम कामाचं पत्र द्यायला तयार आहेत.

एक अडचण उरली. सांगलीचं पहिलं नर्सिंग होम बंद झालंय, डॉक्टरही वारले. तिथे दोन वर्षं जनरल वॉर्ड होता, बहुतेक रुग्ण म्हातारेच. म्हणजे मला जो अनुभव हवा तोच तिथला आहे. हातात फक्त जॉइनिंग लेटर आहे. आता पत्र कोण देणार?

वैशाली_कुलकर्णी

पीएफ कापला जात होता का? त्याचं पासबुक आणि जॉइनिंग लेटर मिळून नोकरी होती हे सिद्ध होईल. कुठलं काम केलं ते मात्र त्यातून सिद्ध होत नाही. तिथल्या दुसऱ्या डॉक्टरांनी किंवा तेव्हाच्या सिस्टर इन्चार्जने लिहून दिलं तर बघता येईल, पण लेटरहेड नसलेलं पत्र तिकडे धरतात का, रेवती सांगू शकेल.

रेवती_श्टुटगार्ट

माझ्या बघण्यात असं एकही प्रकरण नाही. बॉनच्या त्या केंद्राला हेच लिहून विचार, जॉइनिंग लेटरचं स्कॅन जोड. उत्तर आलं की इथे टाक, अशा बंद पडलेल्या नर्सिंग होमवाल्या मुली बऱ्याच आहेत.

सायली_मिरज

पीएफ नव्हता, पगार रोख मिळायचा. सिस्टर इन्चार्ज आता तासगावला असतात, रविवारी जाऊन भेटते. बॉनला आजच लिहिते.